साक्षीदाराला मिळालेला ‘सल्ला’

आरोपीचा मित्र सहसा आवाज चढवत नाही. चहा पाजतो आणि म्हणतो, ‘दादा, काही दिसलं नाही एवढंच सांगा; तुम्हालाही पोरंबाळं आहेत.’ ही धमकीच. खोट्या साक्षीसाठी धमकावणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली गुन्हा आहे. शिक्षा ७ वर्षांपर्यंत. त्याच दिवशी वेळ, जागा, नेमके शब्द लिहून ठेवा, मेसेज पुसू नका. तपास अधिकाऱ्याला लेखी तक्रार देऊन पोच घ्या. आरोपी जामिनावर असेल तर सरकारी वकिलांनाही कळवा, कारण जामीन रद्द करून घेण्यासाठी हाच आधार होतो. गंभीर गुन्ह्यांत २०१८च्या साक्षीदार संरक्षण योजनेप्रमाणे जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो. समिती पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवते, पण निकड असेल तर त्याआधीच संरक्षणाचा आदेश देऊ शकते.