फ्रीझरमधील मांसावरचे पांढुरके डाग

फ्रीझरमध्ये दीर्घकाळ ठेवलेल्या कोंबडीच्या किंवा मटणाच्या तुकड्यांवर जे करडे-पांढरे, चामड्यासारखे कोरडे चट्टे उमटतात, त्यांना ‘फ्रीझर बर्न’ म्हणतात. मात्र त्याचा जळण्याशी काही संबंध नसून, मांसाच्या पृष्ठभागावरील बर्फ पाण्यात न वितळता थेट वाफ होऊन कोरड्या हवेत निघून जातो; या क्रियेला संप्लवन म्हणतात. पाणी गेलेल्या सूक्ष्म पोकळ्यांत हवा शिरते, तिच्यातील प्राणवायूमुळे चरबी खवट होते आणि रंगही फिका पडतो. पिशवीच्या आत साचलेले बर्फाचे कण हे मांसातूनच निघालेले पाणी असते.

असे मांस उणे १८ अंश सेल्सिअसला सतत गोठलेले राहिले असेल, तर ते खाण्यास सुरक्षित असते, कारण या तापमानाला जिवाणू वाढत नाहीत. चव आणि मऊपणा मात्र परत येत नाही, म्हणून चट्टे कापून उरलेला भाग रश्श्यात वापरणे बरे. वितळल्यावर आंबूस वास किंवा बुळबुळीतपणा जाणवल्यास ते टाकून द्यावे. प्रतिबंधासाठी मांस एका वेळेपुरत्या भागांत, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, हवा काढलेल्या जाड पिशवीत तारीख लिहून ठेवावे.