लुद्दच्या पुलावरचे टाकीचे घाव

लुद्द हे नाव आपल्या घरांत अनोळखी नाही. हजरत ईसा (अलै.) दज्जालला लुद्दच्या दारापाशी गाठतील, असा उल्लेख सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आहे. पॅलेस्टाईनमधल्या या जुन्या शहराच्या उत्तरेला जिन्दास नावाच्या गावाजवळ एक दगडी पूल आहे. तो सुलतान बैबर्सने बांधला. पुलावर अरबी शिलालेख आहे, त्यात हिजरी ६७१ चा रमजान महिना नोंदलेला आहे, म्हणजे इसवी सन १२७३. लेखाच्या दोन्ही बाजूंना एकेक सिंह कोरलेला असून त्याच्या पंजाखाली उंदरासारखा छोटा प्राणी दाबलेला दिसतो. बांधणाऱ्याचे नाव आहे, साल आहे, राजचिन्ह आहे. मग शोधायचे काय उरले?

उरले होते ते दगड. शार्ल क्लेर्मों-गानो हा फ्रेंच विद्वान १८७३-७४ मध्ये पॅलेस्टाईनमध्ये संशोधन करत होता. आधी त्याने जेरुसलेमच्या फ्रेंच वकिलातीत दुभाष्याचे काम केले होते, त्यामुळे अरबी त्याला चांगली येत होती. पण त्याची नजर लेखांवरच थांबत नसे, ती दगडाच्या पृष्ठभागावरही फिरे. बाराव्या शतकात क्रुसेडर फ्रँकांनी बांधलेल्या इमारतींच्या घडीव दगडांवर त्याला पुन्हापुन्हा एकच गोष्ट दिसली. पाथरवटाने दगड सपाट करताना टाकी आडवी किंवा उभी न चालवता तिरकी चालवली होती. दगडाच्या एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे झुकलेल्या बारीक, एकमेकींना समांतर रेघा. भर दुपारी त्या दिसतही नाहीत. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन भिंतीला घासून जाते, तेव्हा प्रत्येक रेघेची सावली पडते आणि दगड कापडाच्या विणीसारखा दिसू लागतो.

या रेघांबरोबर काही दगडांवर छोट्या खुणाही असत. बाण, त्रिकोण, फुली, लॅटिन लिपीतले एखादे अक्षर. ही सजावट नव्हे. मोठ्या कामावर अनेक पाथरवट एकाच वेळी दगड घडवत असत. कोणाचे किती दगड झाले, कोणाला किती मजुरी द्यायची आणि एखादा दगड वाकडा निघाला तर तो कोणाचा, हे कळायला प्रत्येकाची खूण उपयोगी पडे. आपल्याकडे धोबी कपड्यावर घालतो त्या खुणेसारखेच हे झाले.

खूण दगड जमिनीवर असतानाच केली जाई, भिंतीत बसवल्यावर नाही. हे कसे कळते? मुलांना वर्गात दाखवण्यासारखी गोष्ट आहे. वहीच्या पानावर एक तिरकी रेघ ओढा आणि शेजारी इंग्रजी ए हे अक्षर काढा. आता पान अर्धे फिरवून उलटे धरा. अक्षर डोक्यावर उभे राहील, पण तिरक्या रेघेचा कल होता तोच राहील. पान पाव फेरा फिरवले तर मात्र रेघेचा कलही बदलतो. जुन्या भिंतींत खुणा सुलट, उलट, आडव्या अशा सर्व स्थितींत सापडतात. दगड रचणाऱ्या गवंड्याला घडवणाऱ्याच्या खुणेशी देणेघेणे नव्हते. त्याला फक्त थर जुळवायचा होता.

यातूनच बांधकामाचा क्रम उलगडतो. एकच खूण इमारतीच्या दोन कोपऱ्यांत भेटली, तर ते दोन्ही भाग एकाच टोळीच्या हयातीत उभे राहिले असण्याची शक्यता मोठी. खालच्या थरांत एक खुणांचा संच असेल आणि वर गेल्यावर तो एकदम संपून दुसरा सुरू होत असेल, तर मध्ये काम थांबले असावे, टोळी बदलली असावी. एखादी खूण अर्धी कापली गेली असेल, तर तो दगड आधी दुसरीकडे होता आणि नव्या जागेत बसवण्यासाठी पुन्हा छिन्नीखाली आला. घाव घावावर पडतो, तेव्हा वरचा घाव नंतरचा, इतके साधे हे शास्त्र आहे.

आता पुन्हा पुलाकडे. बैबर्सच्या नावाच्या या पुलात क्लेर्मों-गानोला तेच तिरके घाव आणि त्याच धर्तीच्या खुणा असलेले दगड आढळले. मामलूक सुलतानाच्या पुलात फ्रँक पाथरवटांचे दगड कुठून आले? जवळ, लुद्द शहरात, सेंट जॉर्जचे मोठे क्रुसेडर चर्च पडलेले होते. या सेंट जॉर्जला तिथले मुसलमान हजरत खिज्र यांच्याशी जोडतात. चर्चचे दगड पुलासाठी नेले गेले, असा निष्कर्ष त्याने काढला. शहरातली जामा मशीदही या चर्चच्या जागेला लागूनच आहे, आणि तिच्यावरही बैबर्सचाच लेख आहे, हिजरी ६६६ चा.

इथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. कारण ‘बैबर्सने चर्च पाडून पूल बांधला’ असे एका वाक्यात म्हणून टाकायचा मोह दोन्ही बाजूंच्या लोकांना होतो, काहींना अभिमानाने, काहींना रागाने. दगड तेवढे सांगत नाहीत. ते सांगतात की आधी चर्च होते, मग ते मोडले, मग पूल झाला. मधला हात कोणाचा, हे घावांत लिहिलेले नाही. ते कागदात शोधावे लागते. सुलतान सलाहुद्दीनचा सहकारी बहाउद्दीन इब्न शद्दाद याने लिहून ठेवले आहे की, ११९१ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड चाल करून येत असताना, शत्रूला आसरा मिळू नये म्हणून सलाहुद्दीनने लुद्दचे चर्च आणि रमल्याचा किल्ला पाडण्याचा हुकूम दिला. म्हणजे पुलाच्या बयाऐंशी वर्षे आधीच चर्चवर पहारी पडल्या होत्या. बैबर्सच्या माणसांनी उभी इमारत पाडली की पडलेला ढीग उचलला, हे वेगळे प्रश्न आहेत.

तिरके घाव दिसले की ‘फ्रँक’ असा शिक्का मारण्यातही धोका आहे. हत्यार आणि हाताची सवय शिकता येते. फ्रँकांच्या कामावर राबलेला स्थानिक कारागीर पुढे मुसलमान मालकाकडे गेला, तर त्याचा हात एका दिवसात बदलत नाही. म्हणून एकटा घाव पुरावा म्हणून अपुरा पडतो. घाव, खूण, दगडाचे माप आणि जवळपास त्याच जातीची पडकी इमारत, असे सगळे एकत्र आले तरच दगड बाहेरून आणला असे म्हणता येते. जिन्दासच्या पुलाची बाजू भक्कम आहे ती यामुळे. फुली किंवा बाणासारखी साधी खूण तर दोन वेगळ्या गावांतले, वेगळ्या काळातले दोन पाथरवट सहज काढतील. ज्या खुणेत काही वेगळेपण आहे तिच्यावरच भार टाकावा.

आणि ते पाथरवट कोण होते? लॅटिन अक्षर काढणारा फ्रँक असावा, हे ठीक. पण बाण कोणाचाही असू शकतो. अंदलुसचा प्रवासी इब्न जुबैर ११८४ मध्ये या किनाऱ्यावरून गेला. फ्रँकांच्या शहरांत मुसलमान कैदी पायांत बेड्या घालून कष्टाची कामे करताना त्याने पाहिले आणि त्याचे मन पिळवटून निघाले. अशा कैद्यांपैकी कोणी दगड वाहिले असतील, कोणी घडवलेही असतील. मजुरी मोजायला खूण लागे. बेडीतल्या माणसाला मजुरीच नव्हती, तेव्हा त्याने घडवलेला दगड असेल तर तो बिनखुणेचाच राहिला असणार.

पूल अजून वापरात आहे. त्याच्यावरून गाड्या जातात.