अरबी शिकायचीय? मग आधी लहान मुलांची पुस्तकं का वाचायची?

'जिल्हा', 'तहसील', 'तालुका', 'कायदा', 'हरकत'. बीडच्या कुठल्याही सरकारी ऑफिसात हे शब्द रोज कानावर पडतात, आणि ते सगळे मूळचे अरबी आहेत. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं. तिथे उर्दूत कारभार चालायचा, त्यामुळे हे शब्द इथे आणखी पक्के झाले.

यातला 'हरकत' हा शब्द आपल्या कामाचा आहे. मराठीत त्याचा अर्थ आक्षेप. अरबी व्याकरणात मात्र अक्षराच्या वर-खाली दिलेली स्वराची खूण म्हणजे हरकत. उर्दू शिकलेले तिला जबर, जेर, पेश म्हणतात.

मोठ्यांच्या मजकुरात अडचण काय?

अरबी पेपरात किंवा कादंबरीत या खुणा जवळपास नसतातच. समजा, क-त-ब ही तीनच अक्षरं छापलीत. ती 'कतब' वाचली तर 'त्याने लिहिलं', 'कुतिब' वाचली तर 'लिहिलं गेलं', आणि 'कुतुब' वाचली तर 'पुस्तकं'. कुतुबखाना यातलाच. कुठलं वाचायचं हे वाक्य समजल्यावर ठरतं, पण वाक्य समजायला आधी शब्द वाचता यायला हवा. नवखा माणूस इथेच अडकतो.

मुलांच्या पुस्तकात सगळ्या खुणा असतात. वहीत लिहिणाऱ्या मुलाचं चित्र आणि खाली 'कतबल-वलदुद-दर्स', म्हणजे 'मुलाने धडा लिहिला'. क्रियापद आधी, कर्ता नंतर, हेही त्या एका ओळीत कळतं.

मकतबमध्ये शिकलेल्यांचं काय?

त्यांना खुणांसकट वाचता येतं, पण बहुतेकांना अर्थ शिकवलेला नसतो. चित्रांची पुस्तकं नेमकी तीच उणीव भरतात.

मग कार्टून कशाला?

उच्चारासाठी. उर्दूत से, सीन आणि स्वाद या तिन्हींचा उच्चार 'स' होतो. अरबीत ते तीन वेगळे आवाज आहेत. १९७९ मध्ये कुवेतमध्ये सुरू झालेला 'इफ्तह या सिमसिम' हा मुलांचा कार्यक्रम प्रमाण अरबीत होता. त्यात हे फरक स्वच्छ ऐकू येतात.

पुढे कधी जायचं?

चित्र पाहून अर्थ ओळखला आणि अक्षरं वाचलीच नाहीत, असं सहज होतं. म्हणून गोष्ट वाचून झाली की तिची चार वाक्यं खुणा न देता वहीत उतरवा. आठवड्याने चित्र न बघता वाचा. अडखळला नाहीत तर बातम्यांच्या मथळ्यांकडे वळा. अडखळलात तर अजून दोन-तीन पुस्तकं वाचा.

एक मर्यादा

आखाती देशात कामाला जाणाऱ्यांना एवढं पुरणार नाही. 'तुला काय हवंय?' याला पुस्तकात 'मादा तुरीद' म्हणतात. तिकडच्या दुकानात 'एश तबी' असं काहीतरी ऐकू येईल. पुस्तकं आणि प्रमाण भाषेतली कार्टून तुम्हाला पेपरापर्यंत नेतात, बाजारातली बोली मात्र वेगळी शिकावी लागते.