अताची उत्तरे किती जुनी?

पैगंबर मुहंमद 632 मध्ये वारले आणि हदीससंग्रहांत सर्वांत मान्यता मिळालेल्या संग्रहाचे कर्ते बुखारी 870 मध्ये. मधल्या सव्वादोनशेहून अधिक वर्षांत काय घडले, यावरच आरंभीच्या इस्लामी साधनांचा सगळा वाद आहे. प्रत्येक हदीसमागे नावांची साखळी असते, तिला इस्नाद म्हणतात: अमक्याने तमक्याकडून ऐकले, त्याने आणखी कुणाकडून, असे करत थेट पैगंबरांपर्यंत. परंपरेतले विद्वान साखळीतला माणूस विश्वासू होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ते दोघे खरोखर भेटले असतील का, हे तपासत. हे काम कसून होई आणि बनावट हदीस ते निर्दयपणे बाजूला काढत.

योझेफ शाख्त यांनी 1950 मध्ये या पायावरच घाव घातला. त्यांच्या मते साखळ्या मागच्या दिशेने वाढल्या. आठव्या शतकातल्या कायदेपंडितांची मते आधी त्यांच्या गुरूंच्या तोंडी गेली, मग पैगंबरांच्या सोबत्यांच्या आणि शेवटी पैगंबरांच्या. जितकी साखळी निर्दोष, तितकी ती नंतरची, असा त्यांचा उलटा निकष होता. ज्या वादात एखादी हदीस निर्णायक ठरली असती तिथे ती कुणीच मांडली नसेल, तर ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती, असेही ते म्हणत. हा दुसरा युक्तिवाद मला कच्चा वाटतो. जुने ग्रंथ मोठ्या संख्येने हरवलेले असताना मौनावर एवढी भिस्त ठेवता येत नाही.

शाख्त यांच्या हाती नसलेला एक ग्रंथ 1970 ते 1972 या काळात अकरा खंडांत छापून आला. येमेनमधल्या सनाचे अब्द अल-रज्जाक (मृत्यू 827) यांचा ‘मुसन्नफ’. त्याचे संपादन उत्तर प्रदेशातल्या मऊचे मौलाना हबीबुर रहमान आझमी यांनी केले. त्याच छापील पानांवर जर्मन अभ्यासक हाराल्ड मोत्झकी यांनी आपले 1991 चे पुस्तक उभे केले.

मोत्झकींनी साखळीतल्या माणसांच्या चारित्र्याचा प्रश्न बाजूला ठेवला. कुणाच्या नावावर किती आणि कशा प्रकारचा मजकूर आहे, हे त्यांनी मोजले. अब्द अल-रज्जाक यांचा सुमारे 32 टक्के मजकूर मअमर यांच्याकडून, 29 टक्के मक्केच्या इब्न जुरैज यांच्याकडून आणि 22 टक्के सुफ्यान अल-सौरी यांच्याकडून आलेला आहे. इब्न जुरैज यांच्या मजकुरातला सुमारे 39 टक्के एकट्या अता इब्न अबी रबाह यांचा. अता मक्केचे मुफ्ती, मृत्यू 733 च्या सुमारास. बाकीचा डझनावारी लोकांत विखुरलेला.

हा विस्कळीतपणाच त्यांना बोलका वाटला. खोटी साखळी रचणारा प्रतिष्ठित नावांवर भर देईल आणि आपल्या मताला बळ देणारेच लिहील. इथे इब्न जुरैज अतांना प्रश्न विचारतात आणि उत्तर नोंदवतात. काही ठिकाणी अतांचे मत त्यांना पटत नाही, तेही लिहितात. अता आधीचे मत बदलतात, ते दोन्ही नोंदले जाते. अतांचे काही म्हणणे दुसऱ्याकडून ऐकले असेल, तर त्या माणसाचे नाव येते. खुद्द अतांकडून ऐकल्याचा आव आणणे सहज शक्य होते. अम्र इब्न दीनार या दुसऱ्या गुरूंच्या मजकुराचा साचाही वेगळा, तिथे प्रश्नोत्तरे कमी. प्रत्येक गुरूसाठी निराळी शैली बेतणारा बनावटकार कल्पनेत आणणे कठीण. म्हणून मोत्झकींचा निष्कर्ष असा की अतांच्या नावावरची ही मते मुख्यतः अतांचीच आहेत, म्हणजे आठव्या शतकाच्या पहिल्या तीन-साडेतीन दशकांतली तरी नक्की.

साशंकांची हरकत पोथीच्या प्रवासावर आहे. आज हाती असलेल्या ‘मुसन्नफ’चा बहुतांश भाग इसहाक अल-दबरी यांच्यामार्फत आला, आणि त्यांनी अब्द अल-रज्जाक यांचे पाठ ऐकले तेव्हा ते लहान मूल होते. अब्द अल-रज्जाक उतारवयात अंध झाले होते. ही शंका पाश्चात्त्यांआधी परंपरेतल्या टीकाकारांनीच घेतली होती. मोत्झकींचे उत्तर असे की दबरींचे वडील नेमाने पाठांना बसत आणि मुलाकडे गेला तो लिखित मजकूर होता. शिवाय अब्द अल-रज्जाक यांच्याकडून आलेला मजकूर अहमद इब्न हंबल यांच्या ‘मुस्नद’सारख्या ग्रंथांतही स्वतंत्रपणे सापडतो, त्यामुळे ताडून पाहता येते.

मला हे उत्तर पटते, पण ते कुठवर पोचते हे विद्यार्थ्याने नेमके पाहावे. तारीख ठरली ती अतांच्या मतांची. अतांनी सांगितलेली पैगंबरांची एखादी आज्ञा पैगंबरांनी खरोखर दिली होती का, हा निराळा प्रश्न आहे, आणि पैगंबरांचे निधन ते अतांचा मृत्यू यांत सुमारे शंभर वर्षांचे अंतर आहे. मजकुराचाच आणखी एक पैलू आहे. अतांची बहुतेक उत्तरे त्यांची स्वतःची मते आहेत. ते पैगंबरांचा हवाला क्वचितच देतात. मोत्झकींना यात खरेपणाची खूण दिसते, कारण बनावटकाराने तो हवाला आवर्जून घातला असता. शाख्त यांच्या बाजूचा वाचक त्याच ओळींकडे बोट दाखवून म्हणेल की त्या काळच्या मक्केत कायदा अजून पैगंबरांच्या वचनांवर उभा राहिलेलाच नव्हता.