सासरी आल्यापासून सतत धडधड: नव्या सुनेची चिंता

लग्नानंतर पहिले काही आठवडे झोप नीट न लागणे, भूक मंदावणे, माहेरच्या आठवणीने रडू येणे हे अनेकींना होते आणि हळूहळू ओसरते. मात्र काही आठवडे उलटूनही छातीत धडधड, पोटात गोळा, अपुरी झोप चालूच असेल आणि रोजची कामे अडत असतील, तर डॉक्टर त्याला ‘अॅडजस्टमेंट डिसऑर्डर’ म्हणू शकतात. म्हणजे आयुष्यातल्या मोठ्या बदलाशी जुळवून घेताना झालेला त्रास. तो उपचारांनी बरा होतो.

हा त्रास बहुतेक वेळा कामाच्या ओझ्याने कमी आणि अंदाज बांधण्याने जास्त वाढतो. प्रत्येक घराचे नियम असतात, पण ते कोणी सांगत नाही. आमटीत गूळ घालतात का, ओटा रात्रीच धुवायचा का, सासऱ्यांच्या आधी जेवलेले चालते का? घरच्यांना हे नियम वाटतच नाहीत, कारण ते त्यातच वाढलेले असतात. तुम्हाला मात्र दिवसभर चेहरे वाचत राहावे लागते. “काही बोलल्या नाहीत, म्हणजे रागावल्या असतील.” असा पहारा देणारा मेंदू शरीरालाही सावध ठेवतो. धडधड, थंड पडणारे हात, वारंवार लघवीला जावेसे वाटणे ही त्याचीच लक्षणे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साताऱ्याकडच्या गावातून नाशिकला आलेली २६ वर्षांची तरुणी. लग्नाला तीन महिने झालेत. गजर साडेपाचचा, पण उशीर होईल या धास्तीने साडेतीनपासूनच जागी. स्वयंपाक करताना आईला दिवसातून सहा-सात फोन. वजन ४ किलोने घटलेले. ईसीजी नॉर्मल आला, तेव्हा घरचे म्हणाले, “काही नाही, मनाचे खेळ आहेत.” तरी डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासले, कारण रक्त कमी असले किंवा थायरॉइड वाढलेले असले तरी अशीच धडधड होते. गरोदरपणाचीही चाचणी केली. सगळे ठीक निघाल्यावर समुपदेशन सुरू झाले.

सुरुवात फोनपासून झाली. आईशी बोलल्यावर पाच मिनिटे बरे वाटायचे, पण ‘विचारल्याशिवाय केले तर चुकेल’ हा समज अधिकच पक्का व्हायचा. म्हणून आधी फोन अर्धा तास लांबवायचा, मग आठवड्यात तीनच प्रश्न थेट सासूबाईंना विचारायचे असे ठरले. विचारण्यापूर्वी काय होईल असे वाटते ते वहीत लिहायचे आणि नंतर काय झाले तेही. पहिला प्रश्न होता, “आई, सकाळी मी किती वाजता उठू?” वहीत लिहिले होते, ‘म्हणतील, माहेरी एवढंही शिकवलं नाही.’ प्रत्यक्षात त्या म्हणाल्या, “मला झोप लागत नाही म्हणून मी पाचला उठते. तू साडेसहाला ऊठ.” भाजीच्या प्रश्नाला मात्र टोमणा मिळाला. तोही उपयोगी पडला: धडधड झाली, वीसेक मिनिटांत आपोआप कमी झाली आणि संध्याकाळ नेहमीसारखी गेली.

यात नवऱ्याचे काम मोठे आहे. “दुर्लक्ष कर” म्हणून भागत नाही. घरचे नियम त्याला ठाऊक असतात, ते त्याने आधीच सांगावेत. काही बदलायचे असेल तर आईशी त्याने स्वतः बोलावे. बायकोचा निरोप म्हणून नको.

झोप आणि जेवण फारच बिघडले असेल, तर डॉक्टर कधी कधी चिंता कमी करणारे औषध देतात. त्याचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागू शकतात, म्हणून आठवड्यात बंद करू नका. मूल हवे असेल किंवा पाळी चुकली असेल तर ते आधी सांगा. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नका. काहींची थोड्याच आठवड्यांत सवय लागते.

एक फरक मात्र नीट ओळखायला हवा. मारहाण, उपाशी ठेवणे, फोन काढून घेणे, माहेरून पैसे आणायला लावणे यांतले काही घडत असेल, तर तुमची भीती हा आजार नाही, ती खऱ्या धोक्याची आहे. अशा वेळी “जुळवून घे” हा सल्ला चुकीचा ठरतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तुम्हाला संरक्षण देतो. महिला हेल्पलाइन १८१ आहे, तातडीसाठी ११२.

दवाखान्यात सोबत कोणी आले असेल, तर “मला पाच मिनिटं एकटीला बोलायचं आहे” असे बिनधास्त सांगा. लगेच जाणे शक्य नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा आणि तोवर एकट्या राहू नका.