मोटर फिरली की आर्डुइनो रिसेट का होतो? नवा बोर्ड घेण्याआधी हे तपासा

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरहून लोकलने लॅमिंग्टन रोड गाठायचा, सुटे भाग आणायचे आणि रात्री रोबोट जोडायचा, हे इथल्या अनेक अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना ओळखीचे आहे. टेबलावर कोड नीट चालतो. मात्र पिवळ्या गिअरबॉक्सच्या बीओ मोटर फिरताच आर्डुइनो उनो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो किंवा अंतर मोजणारा सेन्सर भलतेच आकडे दाखवतो. बोर्ड खराब निघाला, असा समज होतो. प्रत्यक्षात बहुतेकदा दोष दोनपैकी एका ठिकाणी असतो.

पहिले कारण : बॅटरी दबणे

थांबलेली मोटर सुरू होताना चालू स्थितीच्या कित्येक पट करंट खेचते. अर्धी संपलेल्या 9 व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा अंतर्गत रोध 3 ओहम आणि दोन मोटरचा सुरुवातीचा करंट 2 अँपिअर धरला, तर 6 व्होल्ट बॅटरीतच पडतात. उरतात फक्त 3. उनोचा मायक्रोकंट्रोलर पुरवठा साधारण 2.7 व्होल्टखाली गेला की स्वतःहून रिसेट होतो. बोर्डवरच्या रेग्युलेटरमध्येही काही व्होल्ट जात असल्याने ही मर्यादा लगेच ओलांडली जाते.

दुसरे कारण : ब्रशची ठिणगी

मोटरमधील ब्रश कॉम्युटेटरवर घासताना दर फेरीत अनेकदा सर्किट तुटते आणि जुळते. प्रत्येक वेळी बारीक ठिणगी उडते. तिचा गोंगाट मोटरच्या वायरी अँटेनासारखा पसरवतात आणि शेजारून गेलेल्या सेन्सरच्या वायरीत तो शिरतो. ड्रायव्हर मॉड्यूलवरील डायोड ड्रायव्हरला वाचवतात, ही ठिणगी थांबवत नाहीत.

दोष ओळखायचा कसा?

आर्डुइनो यूएसबीवर चालवा आणि मोटर ड्रायव्हरला वेगळी बॅटरी द्या. दोन्हींचे ग्राउंड मात्र जोडलेले ठेवा. रिसेट थांबला, तर बॅटरी दबत होती. अशा वेळी कपॅसिटर लावून भागत नाही, मोटरसाठी दमदार बॅटरी लागते. रिसेट सुरूच राहिला किंवा समोरची भिंत तीच असताना मोटर चालू-बंद करताच अंतर बदलले, तर ठिणगीचा गोंगाट आहे.

उपाय मोटरवरच

त्यासाठी 0.1 मायक्रोफॅरडचे, म्हणजे ‘104’ छापलेले तीन सिरॅमिक कपॅसिटर लागतात. एक मोटरच्या दोन टोकांमध्ये आणि उरलेले दोन प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या आवरणापर्यंत. आवरण आधी पॉलिश पेपरने घासा, नाहीतर सोल्डर धरत नाही. कपॅसिटर ड्रायव्हरपाशी लावून उपयोग नाही, कारण तोपर्यंत मधली वायर गोंगाट पसरवून मोकळी होते. म्हणूनच मोटरच्या दोन्ही वायरींना एकमेकींभोवती पीळ द्या आणि सेन्सरच्या वायरी दूर न्या. फार मोठा कपॅसिटर मात्र टाळा. वेग पीडब्ल्यूएमने बदलताना तो दर पल्सला ड्रायव्हरकडून जास्त करंट ओढतो.

यानंतर भिंतीची तीच चाचणी पुन्हा करा. मोटर चालू असताना आणि बंद असताना आकडा सारखा आला, तर जुनाच बोर्ड ठीक आहे.