‘नीडफुल’ म्हणजे नेमकं काय करायचं?

आपल्या श्रीगोंद्याच्या लिंबाचं लोणचं करणारे गट आता बाहेरच्या राज्यातल्या दुकानदारांनाही माल पाठवायला बघतात. तिथं मराठी चालत नाही, म्हणून ईमेल इंग्रजीत लिहावा लागतो. तो लिहिताना आपण मनात मराठी अर्ज जुळवतो आणि शब्दाला शब्द ठेवत जातो. त्यातून ‘काइंडली डू द नीडफुल’ येतं. आज त्याच्याबद्दल बोलू.

ग्रामपंचायतीला अर्ज करताना आपण शेवटी लिहितो, ‘योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती’. तिथं ते शोभतं, कारण योग्य काय ते अधिकारी नियम बघून ठरवतात. हिंदीतलं ‘आवश्यक कार्यवाही करें’ही तसंच. ‘डू द नीडफुल’ म्हणजे जे गरजेचं आहे ते करा. ही जुन्या इंग्रजांच्या कचेरीतली भाषा. त्यांच्या देशात ती मागे पडली, आपल्याकडं टिकली. ते चुकीचं इंग्रजी आहे असं नाही, आणि आपल्याकडच्या बँकेत किंवा कार्यालयात ते कळतंही. पण व्यापारात अडचण अशी, की समोरच्यानं काय करायचं हे त्यात सांगितलेलंच नसतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, गटानं बेंगळुरूच्या दुकानदाराला लोणच्याच्या 200 बाटल्या पाठवल्या, 90 रुपयांना एक. बिल झालं 18,000 रुपयांचं. 10,000 आधी आले, 8,000 बाकी. सचिवताईंनी लिहिलं: ‘वुई हॅव सेंट द मटेरियल. वुई हॅव अ डाउट रिगार्डिंग पेमेंट. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक.’

आता दुकानदाराच्या जागी बसून वाचा. नीडफुल म्हणजे काय? माल मिळाल्याची पोच द्यायची, बाटल्या मोजायच्या, की पैसे भरायचे? आकडा नाही, तारीख नाही. तो मेल बाजूला ठेवतो, आणि आपण म्हणतो, ‘माणूस पैसे बुडवतो की काय!’

‘डाउट’ तर जास्तच नडतो. मराठीत ‘एक शंका आहे’ म्हणजे काहीतरी विचारायचं आहे. इंग्रजीत ‘डाउट’ म्हणजे खात्री नसणं, अविश्वास. ‘पेमेंटबद्दल डाउट’ वाचून त्याला वाटेल, या बायका माझ्या नियतीवर बोट ठेवतात. तिथं ‘क्वेश्चन’ लिहावं. ‘रिव्हर्ट’चा मूळ अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. उत्तर हवं असेल तर ‘रिप्लाय’ म्हणावं. त्याला ‘बॅक’ जोडायची गरज नाही.

आणखी एक शब्द तारखेपाशी फसवतो. ‘15 जूनपर्यंत’ यातलं ‘पर्यंत’, हिंदीतलं ‘तक’, आपण ‘टिल’ असं लिहितो. पण ‘पे टिल फिफ्टीन्थ जून’ म्हणजे त्या तारखेपर्यंत भरत राहा! काम एकदाच, त्या दिवसाच्या आत व्हायचं असेल तर ‘बाय’ लिहायचं. दुकान अमुक तारखेपर्यंत उघडं राहील, असं चालू राहणारं काही असेल तर ‘टिल’.

मग हा मेल कसा लिहायचा? आधी मराठीतच ‘कार्यवाही’ हा शब्द खोडा आणि त्या जागी साधं क्रियापद ठेवा: भरा, पाठवा, मोजा, सही करा. मग किती आणि कधीपर्यंत ते जोडा. एवढं झालं की इंग्रजी सोपं होतं:

‘वुई सेंट यू 200 बॉटल्स ऑफ लेमन पिकल ऑन फर्स्ट जून. द बिल इज 18,000 रुपीज. वुई हॅव रिसीव्ह्ड 10,000. प्लीज पे द बॅलन्स ऑफ 8,000 रुपीज बाय फिफ्टीन्थ जून. इफ एनी बॉटल वॉज डॅमेज्ड, प्लीज टेल अस हाऊ मेनी.’

यात ‘काइंडली’ नाही, तरी उर्मटपणा नाही. ‘प्लीज’नं काम भागतं. शेवटचं वाक्यही मुद्दाम आहे. बाटली फुटली म्हणून त्यानं पैसे अडवले असतील तर ते सांगायला वाट मिळते. मेलच्या वर विषयाच्या ओळीत नुसतं ‘रिगार्डिंग पेमेंट’ न लिहिता बिल नंबर आणि ‘बॅलन्स 8,000’ लिहा, म्हणजे न उघडताही कळतं.

पाठवण्याआधी एक पारख करा. ज्या बाईला हा व्यवहार माहीत नाही, तिला मेलचा अर्थ मराठीत वाचून दाखवा आणि विचारा: कुणी, काय, कधीपर्यंत करायचं? तिन्ही उत्तरं तिनं पटकन दिली तर मेल पाठवा. ‘म्हणजे नक्की काय करायचं गं?’ असं तिनं विचारलं, तर दुकानदारही तेच विचारणार. मग ते वाक्य पुन्हा लिहा.